वाणिज्य की विज्ञान? अजून काही न ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सव समितीने मला विषय दिला तेव्हा प्रथम मी थोडा नाराजच झालो. साठ वर्षांच्या शाळेच्या समारंभात आठवणी सांगाव्यात, जुन्या मास्तरांच्या नकला कराव्यात, अशी माझी तयारी होती. परंतु कार्यवाहांनी सांगितले, ‘आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. दहावीच्या पालकांचे मात्र एकच विचारणे आहे.’ ते विचारणे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलाला गुण बरे आहेत, कशाची विशेष आवड दिसत नाही, पुढे काय व्हायचे ते त्याला ठाऊक नाही. तर सायन्स घ्यावे की कॉमर्स? मी आयुष्यभर पदवीपूर्व वर्गांना लेखाशास्त्र शिकविले, म्हणून मी वाणिज्याचा वकील होईन अशी काहींची अपेक्षा असेल. तसे होऊ नये याची काळजी घेतो.

आपण बसलो आहोत त्या मल्लेश्वरमातच ‘पंचवटी’ नावाचे एक घर आहे. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. नोबेल पारितोषिकाचे रामन सर्वांना माहीत असतात. त्यांची पहिली नोकरी कोणती होती, हे मात्र मी वर्गात विचारीत असे आणि सहसा उत्तर येत नसे. १९०७ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्रात एम. ए. झाल्यावर ते सरकारच्या वित्त सेवेच्या परीक्षेत पहिले आले आणि वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याला साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. प्रकृतीच्या कारणाने वैद्यकीय अधिकाऱ्याने विलायतेस जाण्यास नकार दिलेला, संशोधनावर पोट भरेल अशी जागा देशात जवळजवळ नाही, म्हणून त्यांनी हिशेबाची नोकरी धरली. मध्यंतरी रंगून आणि आपल्या नागपूर येथेही त्यांची बदली झाली होती. कचेरी सुटल्यावर ते बहुबाजार रस्त्यावरील विज्ञान संस्थेत प्रयोग करीत. असे दहा वर्षे चालले. १९१७ साली विद्यापीठाचे प्राध्यापकपद मिळाले तेव्हा त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९२८ साली त्यांचा शोध, १९३० साली नोबेल आणि १९३३ साली बंगळूर.

रामन यांची गोष्ट मी ‘जिद्द असेल तर सर्व काही जमते’ असे सांगण्यासाठी काढलेली नाही. तिच्यातील एक साधी बाब पाहा. पदार्थविज्ञान शिकलेला मनुष्य हिशेबाच्या खात्यात जाऊ शकला. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेला, केवळ हिशेब शिकलेला कारकून संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊ शकला असता का? शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी या दोन रस्त्यांची रचना फारशी बदललेली नाही. विज्ञानाकडून वाणिज्याकडे येता येते. उलट दिशेने जवळजवळ येता येत नाही.

आज नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात एस. एस. एल. सी. नंतर दोन वर्षांचे पी. यू. सी. असते, दोन भाषा आणि चार मुख्य विषय. विज्ञानात भौतिक, रसायन आणि गणित यांच्या जोडीला जीवशास्त्र, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्वचित संख्याशास्त्र. वाणिज्यात लेखाशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन यांच्या जोडीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक, इतिहास, बेसिक मॅथ्स यांपैकी दोन. विज्ञान घेऊन पी. यू. सी. झालेला विद्यार्थी बी. कॉम. ला जाऊ शकतो. सनदी लेखापालाच्या, म्हणजे सी. ए. च्या फाउंडेशन परीक्षेला कोणत्याही शाखेचा बारावी झालेला मुलगा बसू शकतो. इतकेच नव्हे, पदवीला साठ टक्के गुण असलेला विज्ञानाचा पदवीधर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवू शकतो. वाणिज्याच्या पदवीधराला तिथे पंचावन्न टक्के लागतात, एवढाच फरक. याउलट वाणिज्याचा विद्यार्थी अभियांत्रिकी, वैद्यक, वास्तुशास्त्र किंवा भौतिक-रसायनाच्या पदवीकडे वळू म्हणेल, तर त्याला ते विषय मुक्त विद्यालयातून किंवा नव्याने पी. यू. सी. करून पुन्हा बारावीपर्यंत शिकावे लागतात. कागदावर हे अशक्य नाही. करणारे मी फार थोडे पाहिले.

यावरून पालक जो निष्कर्ष काढतात तो आपण जाणताच. ‘ठरत नाही ना? मग सायन्स घे. सगळी दारे उघडी राहतील.’ मीसुद्धा हा सल्ला वर्षानुवर्षे दिला. तो देणे मी का बंद केले, ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी नात्यातील एका मुलाला मी हेच सांगितले होते. मराठी माध्यमातला मुलगा, दहावीला गणितात ७८, विज्ञानात ७४. अभ्यासू, शांत. दुकानात वडिलांना मदत करणारा. मी म्हणालो, ‘घे सायन्स. नाही जमले तर नंतर कॉमर्स आहेच.’ पहिल्या वर्षी तो कसाबसा निभावला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याला भौतिकशास्त्रात ४१, रसायनात ४४ आणि गणितात ३८ मिळाले. बेरीज १२३, म्हणजे ४१ टक्के. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी खुल्या गटातील मुलाला या विषयांत एकत्रित ४५ टक्के लागतात. ज्या दारासाठी त्याने दोन वर्षे घालविली, ते त्याच्यापुरते बंदच होते. मग तो बी. कॉम. ला गेला. तिथे वर्गातील बहुतेक मुले दोन वर्षे लेखाशास्त्र शिकून आलेली. हा नावे आणि जमा यांच्यापासून सुरू करणारा. पुढे त्याचे चांगले झाले, बँकेत अधिकारी आहे, मला मान देतो. पण एकदा सहज बोलता बोलता तो म्हणाला, ‘काका, त्या दोन वर्षांत मी विषय शिकलो नाही. मी ढ आहे एवढेच शिकलो.’ त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

उघडे दार फुकट मिळत नाही, हे मला त्याच्यामुळे कळले. दार उघडे ठेवण्याची किंमत गुणांत मोजावी लागते. कर्नाटकात अभियांत्रिकीसाठी सी. ई. टी. चे गुण आणि दुसऱ्या पी. यू. सी. चे गुण निम्मे-निम्मे धरून क्रमांक लावतात. त्यामुळे मुलाला बोर्डाचे लेखी पेपर आणि एकेका मिनिटात सोडवायच्या प्रश्नांची परीक्षा अशा दोन आघाड्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. विषयात मन असेल तर ओझे पेलते. केवळ ‘असू दे हाताशी’ म्हणून घेतलेल्या विषयासाठी दोन वर्षे पहाटे उठणे कुणालाही जड जाते.

आता दुसऱ्या बाजूचाही गैरसमज काढून टाकू. ‘सायन्स झेपत नाही म्हणून कॉमर्स’ हे वाक्य मी शेकडो पालकांच्या तोंडून ऐकले आहे. वाणिज्य सोपे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जून २०२४ मधील सी. ए. फाउंडेशनचा निकाल पाहावा. शंभरातून सुमारे पंधरा मुले उत्तीर्ण झाली. चार पेपर, प्रत्येकात किमान चाळीस आणि एकूण पन्नास टक्के हवेत. आणि त्यातला तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. गणितापासून सुटका म्हणून वाणिज्याकडे आलेला मुलगा या पेपरापाशी येऊन थांबतो.

इथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. पालक विज्ञान आणि वाणिज्य असे दोन रस्ते पाहतात. मला वाटते, अजून काही न ठरलेल्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न गणिताचा आहे. विज्ञान सोडल्याने जी दारे बंद होतात त्यांची नावे सर्वांना पाठ असतात. गणित सोडल्याने जी बंद होतात त्यांची कुणी यादी करीत नाही. अर्थशास्त्राचे चांगले उच्च शिक्षण, संख्याशास्त्र, विमागणित, वित्तव्यवस्थेतील विश्लेषणाची कामे ही सारी गणितावर उभी आहेत. याच शहरात भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्र आहे आणि तिथे गणिताची पदवी आहे. तिच्या प्रवेशाला बारावीला गणित हवे. भौतिक-रसायन हवे अशी अट नाही. हे ऐकून पुष्कळ पालक चकित होतात.

मात्र एक सावधगिरी. आपल्या पी. यू. सी. च्या वाणिज्य शाखेत जो ‘बेसिक मॅथ्स’ विषय आहे, तो विज्ञान शाखेतील ‘मॅथेमॅटिक्स’ नव्हे. त्यात टक्केवारी, हुंडीवटाव, शेअर यांचे व्यवहारी गणित आहे, त्याबरोबर मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, कलनाची ओळखही आहे. विषय चांगला आहे, वाणिज्याच्या पुढच्या अभ्यासाला पुरेसा आधार देतो. पण गुणपत्रिकेवर विषयाचे नाव वेगळे छापून येते. जिथे प्रवेशाच्या अटीत नुसते ‘गणित’ लिहिले आहे, तिथे ‘बेसिक मॅथ्स’ चालेल का, हे त्या संस्थेला लेखी विचारावे. हा प्रश्न पी. यू. सी. ला प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचा असतो. दोन वर्षांनी विचारून उपयोग नाही.

आता कसे ठरवावयाचे? कलचाचण्या असतात, समुपदेशक असतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. मी स्वतः जे करतो ते फार साधे आहे, आणि गेल्या वर्षी आपल्याच शाळेतील एका मुलीच्या बाबतीत केले ते सविस्तर सांगतो. मुलीचे आणि घरच्यांचे नाव सांगत नाही. ते या सभागृहात असण्याचा संभव आहे.

मुलीला गणितात ८८, विज्ञानात ८४, समाजशास्त्रात ९३ होते. वडील एका कारखान्यात तंत्रज्ञ. त्यांना स्वतःला अभियंता व्हायचे होते, ते राहून गेले होते. त्यांचा आग्रह विज्ञान आणि संगणकाचा. आईचे म्हणणे, तिच्यावर ताण नको. मुलीचे म्हणणे, ‘मला काहीच कळत नाही.’ हे उत्तर प्रामाणिक असते. दहावीपर्यंत तिने लेखाशास्त्र पाहिलेलेच नसते आणि भौतिकशास्त्र पाहिले असते ते व्याख्या आणि सूत्रांपुरते. न चाखलेल्या दोन पदार्थांतून आवडता निवड, असे आपण तिला सांगत असतो.

म्हणून मी तिला चाखायला दिले. दोन संध्याकाळी.

पहिल्या संध्याकाळी मी विचारले, ‘चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच जागी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती?’ ती म्हणाली, ‘शून्य.’ पहिल्या वर्षाच्या वर्गात नव्वद गुणांची मुलेही हेच उत्तर देतात, तेव्हा उत्तर चुकले याचे काही नाही. मी सांगितले, ‘वेग शून्य आहे, त्वरण नाही. ते तेव्हाही खालच्या दिशेने दर सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर आहे. ते शून्य असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.’ आता मी उत्तराकडे पाहत नव्हतो; तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ज्याला हा विषय मानवतो ते मूल इथे अस्वस्थ होते. ‘थांबलेल्या वस्तूला त्वरण कसे?’ म्हणून भांडते, हातातला खोडरबर वर फेकून पाहते. ती म्हणाली, ‘बरं काका, मग परीक्षेत ९.८ लिहायचं ना?’ आणि वहीत लिहून घेतले. तिच्या वडिलांनीच मला दोन उपप्रश्न विचारले.

दुसऱ्या संध्याकाळी हिशेब. इथे मराठी माध्यमाच्या मुलांच्या पदरी एक ठेव आहे, ती त्यांना ठाऊकच नसते. डेबिट आणि क्रेडिट हे शब्द पाहून मुले घाबरतात. आपल्याकडे नावे आणि जमा आहेत. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. व्यवहार घडला की तो तारखेने रोजकीर्दीत लिहावयाचा, तिथून तो ज्याच्या त्याच्या खात्यात उचलावयाचा, खात्यांच्या बाक्या एकत्र मांडल्या की तेरीज, आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. हे मी तिला अर्ध्या तासात सांगितले.

मग म्हणालो, ‘आठव्या क्रॉसवरच्या एका दुकानदाराने आपल्या स्कूटरच्या दुरुस्तीला २,४०० रुपये दिले. कारकुनाने ते दुरुस्ती खर्चाच्या खात्याऐवजी वाहन खात्यावर नावे टाकले. तेरीज जुळेल का?’ तिने वहीत आकडे मांडले. ‘जुळेल. नावेची रक्कम नावेलाच आहे.’ ‘मग बिघडले काय?’ ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘खर्च कमी दिसेल. म्हणजे नफा २,४०० ने जास्त दिसेल. आणि स्कूटरची किंमत उगीच वाढलेली दिसेल.’ आणि पुढचा प्रश्न मी न विचारता तिचाच आला, ‘पण काका, सगळं जुळत असेल तर ही चूक कुणाला सापडणार कशी?’

पालकहो, हा प्रश्न म्हणजे लेखापरीक्षण या व्यवसायाचा आरंभ आहे. तो तिला कुणी शिकविला नव्हता.

मी आणखी एक परीक्षा घेतली. सांगितले, ‘तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नऊने नेमका भाग जात असेल, तर जुने मुनीम आधी अंकांची अदलाबदल शोधतात. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले, तर फरक ९०.’ हे ऐकल्यावर मुलांचे दोन प्रकार पडतात. एक म्हणतो, युक्ती छान आहे. दुसरा विचारतो, नऊच का? ती म्हणाली, ‘नऊच का? आठ का नाही?’ मी तिच्याकडूनच लिहून घेतले. दशमस्थानी क आणि एककस्थानी ख असेल तर संख्या दहा क अधिक ख. उलटी केली तर दहा ख अधिक क. वजाबाकी केली की नऊ क उणे नऊ ख. अंक कोणतेही असोत, नऊ बाहेर काढता येतो. शेजारशेजारचे दोन अंक दशक-शतकाचे असले तर तोच हिशेब दहापटीने. तिने स्वतः तीन-चार संख्या घेऊन पडताळा पाहिला. घड्याळात साडेनऊ झाले होते.

या दोन संध्याकाळींवरून मी काय ठरविले? एवढेच, की भौतिकशास्त्रात चूक झाली तर तिला उत्तर हवे असते, आणि हिशेबात चूक झाली तर तिला कारण हवे असते. गणितातही कारण हवे असते. गुण या गोष्टी सांगत नाहीत. तिच्या विज्ञानाच्या ८४ आणि गणिताच्या ८८ मध्ये मला हे कधीच दिसले नसते. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत हाच प्रयोग नेमका उलटा निघतो, आणि तसा तो निघालेलाही मी पाहिला आहे. हिशेबाच्या वहीवर जांभया देणारा एक मुलगा चेंडूवरून माझ्याशी पाऊण तास भांडला. त्याला मी डोळे मिटून विज्ञान घ्यायला सांगितले, आणि त्याच्या आईने माझ्याकडे लेखाशास्त्राचा मास्तर फितूर झाला अशा नजरेने पाहिले. दोन्हीकडे कारण विचारणारे मूल असेल तर मात्र विज्ञानच घ्यावे, कारण तिथून परत येता येते. आणि दोन्हीकडे जांभया देणारे मूलही असते. त्याने कला शाखेचे पुस्तक किंवा तंत्रनिकेतनाची कार्यशाळा पाहावी. तो स्वतंत्र विषय आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही एक कागद घेतला आणि वाणिज्य घेतल्यास काय काय कायमचे जाईल ते लिहिले. हे काम मी पालकांकडूनच करवून घेतो. कारण न लिहिलेली दारे पुढे आयुष्यभर घरात बोलली जातात. अभियांत्रिकी. वैद्यक. वास्तुशास्त्र. औषधनिर्माण. भौतिक आणि रसायनातील संशोधन. वडील एकेक वाचीत होते आणि मुलीला विचारीत होते, ‘चालेल?’ अभियांत्रिकीपाशी ते थांबले. आवाज फुटेना. मुलगी म्हणाली, ‘बाबा, ते तुम्हाला हवं होतं.’ खोलीत काही काळ कुणी बोलले नाही. मग त्यांनी पुढचे नाव वाचले.

तिने लेखाशास्त्र, व्यवसाय अध्ययन, संख्याशास्त्र आणि बेसिक मॅथ्स असा गट घेतला. अर्थशास्त्र नसलेला हा गट सर्व महाविद्यालयांत नसतो आणि असला तरी जागा थोड्या असतात. चौकशीला उशीर केला, तर उरलेल्या गटावर समाधान मानावे लागते आणि बहुधा गणितच हातचे जाते.

वेळापत्रकाबद्दल दोन शब्द. सहाव्या क्रॉसवर परीक्षा मंडळाची कचेरी आहे. अठराव्या क्रॉसवर पदवीपूर्व शिक्षण खाते आणि सी. ई. टी. घेणारे परीक्षा प्राधिकरण आहे. आपल्या मुलांची सारी धांदल या संपिगे रस्त्याच्या आसपासच चालते, पण मुलांना मिळणारा अवधी मात्र तोकडा असतो. निकाल लागतो आणि थोड्याच आठवड्यांत वर्ग सुरू होतात. प्रवेश झाल्यावर गट बदलता येतो तो प्रवेशाची मुदत असेपर्यंत आणि जागा असेल तर. पुढे बदलावयाचे म्हणजे पहिले वर्ष पुन्हा. म्हणून हे चाखणे दहावीची परीक्षा संपल्यावर, निकालापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत व्हावे. पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची आणि लेखाशास्त्राची पुस्तके कुणाकडूनही उसनी मिळतात. भौतिकातील गतीचा धडा आणि लेखाशास्त्रातील रोजकीर्द ते तेरीज एवढा भाग, प्रत्येकी एक आठवडा, रोज तास-दीड तास. उदाहरणे सुटली पाहिजेत असे नाही. न सुटलेल्या उदाहरणाकडे मूल दुसऱ्या दिवशी आपणहून परत जाते का, एवढे पालकांनी दुरून पाहावे. विचारू नये, विचारले की ते तुम्हाला हवे ते उत्तर देते.

आपल्या मुलांपुढे इंग्रजीचा अडसर असतो, तो या पाहणीत घोटाळा करतो, हेही लक्षात असावे. वर्ग सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने मराठी माध्यमाच्या मुलाला विषय कठीण वाटतो की भाषा, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. ओळखण्याचा उपाय आहे. अडलेले उदाहरण त्याला मराठीत सांगावे. त्वरण, बल, संवेग हे शब्द त्याला येतात; नावे-जमाही येतात. मराठीत सांगितल्यावर सुटले तर अडचण भाषेची आहे, ती सहामाहीपर्यंत ओसरते, तिच्यासाठी शाखा बदलू नये. मराठीतही सुटत नसेल आणि जाणून घ्यावेसेही वाटत नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी बोलावे. माझ्या त्या नातलग मुलाला मी हे विचारले नव्हते.

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास त्या मुलीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. ‘काका, तेरीज १८० रुपयांनी जुळत नाहीये. नऊने भाग जातो. पण १८० चे निम्मे ९०, आणि ९० ची एक रक्कम पण आहे; ती चुकीच्या बाजूला पडली असली तरी १८० चाच फरक येईल. आधी काय तपासू?’ मी म्हणालो, आधी ९० ची रक्कम बघ, ती एकच आहे. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. ती रक्कम बरोबर होती. चूक ४२० च्या जागी २४० लिहिल्याची निघाली. मागून तिच्या वडिलांचा आवाज येत होता, ‘मी सांगितलं होतं, नऊवालीच असणार.’